पुराची लांबलचक बातमी आजीला पाच वाक्यांत कशी सांगावी

पावसाळ्यात नाशिकच्या पेपरात एक बातमी ठरलेली असते. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला, गोदावरीला पूर, नदीकाठी सतर्कतेचा इशारा. अर्धं पान भरलेलं असतं. त्यात चार-पाच धरणांची नावं, क्युसेकचे आकडे, अलर्टचे रंग, अधिकाऱ्यांचं आवाहन आणि जुन्या पुरांच्या आठवणी असं सगळं असतं. पंचवटीत किंवा जुन्या नाशकात जन्म काढलेल्या आजीला त्यातून दोनच गोष्टी हव्या असतात. गंगेचं, म्हणजे गोदावरीचं, पाणी आपल्यापर्यंत येतंय का, आणि आपल्याला काही करायचंय का?

ही बातमी मी मुद्दाम निवडली, कारण सोप्या भाषेत सांगायला ती सगळ्यांत अवघड आहे. आज पंचाहत्तरीच्या पुढे असलेल्या नाशिककराने १९६९ चा महापूर पाहिलेला असतो. २००८ चा तर घरातल्या सगळ्यांनीच पाहिलाय. त्यामुळे ‘पूर’ हा शब्द कानावर पडला की पुढचं ऐकूच जात नाही, मन थेट त्या वर्षात जाऊन बसतं. अशा माणसाला ‘काही नाही गं, तू काळजी करू नकोस’ म्हणून भागत नाही. कुठवर आणि कधीपर्यंत हे नेमकं कळलं की माणूस आपोआप शांत होतो. म्हणून आपलं सगळं काम या दोन गोष्टी शोधण्याचं आहे.

आधी एकट्याने, पूर्ण वाचा

आजीसमोर बसून बातमी वाचता वाचता सांगू नका. मथळ्यावरून सुरुवात केलीत तर सगळ्यांत मोठा आकडा आधी तोंडातून जातो, आणि तो आकडा आपल्या घराचा नाहीच हे शेवटच्या परिच्छेदात कळतं. तोपर्यंत आजी उठून खिडकीशी गेलेली असते.

वाचण्याआधी तारीख आणि वेळ बघा. छापील पेपरातली पुराची बातमी आदल्या रात्रीपर्यंतची असते आणि नदी तोवर बदललेली असते. मोबाइलवर आलेल्या बातमीत ‘अपडेट’ची वेळ शोधा. दरवर्षी पहिल्या मोठ्या विसर्गाच्या दिवशी मागच्या पुरांचे व्हिडिओ ताजे म्हणून फिरतात. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीची मूर्ती डोक्यापर्यंत बुडालेली दिसली आणि बातमीत मात्र विसर्ग किरकोळ असला, तर तो व्हिडिओ जुना आहे असंच धरून चाला आणि आजीला दाखवू नका. तिने आधीच पाहिला असेल तर सांगताना पहिलं वाक्य त्याच्याबद्दलच ठेवा: ‘तो व्हिडिओ आजचा नाही.’ ते सांगितल्याशिवाय तुमचं पुढचं काही तिच्या मनात शिरणार नाही.

आता एक नमुना घेऊ. खालचा मजकूर मीच रचलाय, आकडेही नमुन्याचेच आहेत. पण दर ऑगस्टमध्ये अशीच बातमी तुम्ही वाचता.

> गोदावरी दुथडी. ३८ हजार क्युसेकने विसर्ग, जिल्ह्याला ऑरेंज अलर्ट
>
> नाशिक, मंगळवार. त्र्यंबकेश्वर, इगतपुरी परिसरात दोन दिवसांपासून सुरू असलेल्या मुसळधार पावसामुळे गंगापूर धरणाचा साठा ८२ टक्क्यांवर पोहोचला आहे. धरणातून दुपारी बारा वाजता २ हजार, तर सायंकाळी सहा वाजता ६ हजार क्युसेकने पाणी सोडण्यात आले. होळकर पुलाखाली ८,५०० क्युसेक प्रवाह नोंदवला गेला. रामकुंड परिसरातील लहान मंदिरांत पाणी शिरले असून दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यापर्यंत पाणी आले आहे. दारणा धरणातूनही विसर्ग सुरू असल्याने नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्यातून ३८ हजार क्युसेक पाणी जायकवाडीकडे झेपावले आहे. सायखेडा, चांदोरी येथील नागरिकांना सतर्कतेचा इशारा देण्यात आला आहे. घाट परिसरात गुरुवारपर्यंत अतिवृष्टीची शक्यता असून विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढवला जाऊ शकतो. गोदाघाटावरील विक्रेते व वाहने हलवण्यात आली आहेत. १९६९ आणि २००८ च्या महापुरांच्या आठवणींनी नदीकाठच्या रहिवाशांमध्ये धास्ती आहे.

बातमीचा नकाशा करा

पुराची बातमी समजण्याची किल्ली म्हणजे पाणी कुठून कुठे जातं हे डोळ्यांसमोर असणं. त्र्यंबककडच्या डोंगरात पडलेला पाऊस गंगापूर धरणात येतो. तिथून सोडलेलं पाणी शहरात शिरतं, होळकर पुलाखालून जातं आणि रामकुंडाला, पंचवटीला भिडतं. इगतपुरीकडचा पाऊस वेगळ्या वाटेने जातो. तो दारणेत उतरतो आणि दारणा शहराच्या बऱ्याच खाली, सायखेड्याच्या बाजूला गोदावरीला मिळते. पुढे निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा लागतो. तिथे गंगापूरचं, दारणेचं, कादवेचं असं सगळ्या नद्यांचं पाणी एकत्र येतं. म्हणून तिथला आकडा नेहमीच सगळ्यांत मोठा असतो आणि मथळ्यात बऱ्याचदा तोच जातो.

आता आपल्या नमुन्याकडे परत बघा. मथळ्यातले ३८ हजार क्युसेक रामकुंडावर आलेलेच नाहीत. ते शहर सोडून कितीतरी खाली निफाड तालुक्यात मोजलेले आहेत. पंचवटीतल्या आजीसाठी कामाचा आकडा होळकर पुलाचा, साडेआठ हजारांचा. धरणातून ६ हजारच सोडले असताना पुलाखाली साडेआठ हजार कसे, असा प्रश्न पडला तर उत्तर सोपं आहे. धरणाच्या खाली पडलेला पाऊस आणि शहरातले नाले-ओढे मधल्या टप्प्यात नदीत मिळतात. धरणाचा विसर्ग थांबला तरी नदी लगेच उतरत नाही, त्याचं एक कारण हेच आहे.

पण हाच नकाशा उलट बाजूनेही वापरावा लागतो. आजीची धाकटी बहीण सायखेड्याला दिली असेल, तर मथळ्यातला आकडा घरच्याच माणसांचा झाला. मग तो गाळता येत नाही. म्हणून बातमी वाचताना एका कागदावर आपल्या माणसांची गावं लिहा: पंचवटी, सिडको, सायखेडा, जी असतील ती. बातमीतलं प्रत्येक ठिकाण या यादीशी लावून पाहा. ज्या ठिकाणी आपलं कोणी नाही, ते ठिकाण आजीच्या पाच वाक्यांत येणार नाही.

काय ठेवायचं, काय सोडायचं

पेन्सिल घ्या आणि बातमीत चारच गोष्टींखाली रेघ मारा. आत्ता नक्की काय झालंय, आपल्यापासून ते कुठे आहे, किती दिवस चालेल, आणि आपण काय करायचं. नमुन्यात मारुतीच्या गुडघ्यापर्यंत पाणी, घाटावरची हलवाहलव, गुरुवारपर्यंतचा पाऊस आणि विसर्ग वाढण्याची शक्यता एवढ्याला रेघ येते.

१९६९ आणि २००८ चा उल्लेख सरळ सोडा. बातमीदार तो वाचकाला संदर्भ म्हणून देतो, त्यात गैर काही नाही. पण ज्याने तो पूर डोळ्यांनी पाहिलाय त्याला तो संदर्भ राहत नाही, तो तुलना होतो. आजीने स्वतः विचारलं, ‘एकोणसत्तरसारखं होईल का रे?’ तर टाळू नका. जे माहीत आहे ते सांगा: ‘आज पाणी मारुतीच्या गुडघ्यापर्यंत आहे. वाढलं तर मी तुला सांगीन.’ ‘तसं कधीच होणार नाही’ हे मात्र तुम्ही म्हणू नये. ते तुम्हाला माहीत नाही आणि तिलाही हे कळतं की तुम्हाला माहीत नाही.

‘झेपावले’, ‘दुथडी’, ‘धास्ती’, ‘हाहाकार’ असले शब्दही जाऊ द्या. त्यांच्या जागी साधी क्रियापदं घ्या: पाणी वाढलंय, सोडलंय, उतरतंय. अधिकाऱ्याने काय आवाहन केलं हे पूर्ण वाक्यात सांगायची गरज नसते, त्यातलं करायचं काम तेवढं उचला.

साठ्याची टक्केवारी हा फसवा भाग आहे. ८२ टक्के ऐकलं की पुष्कळांना वाटतं धरण आता फुटायच्या बेतात आहे. प्रत्यक्षात पावसाळ्यात कोणत्या तारखेला धरण किती भरलेलं ठेवायचं हे आधी ठरलेलं असतं आणि त्याहून जास्त येणारं पाणी टप्प्याटप्प्याने सोडतात. पाणी सोडणं हा धरण सांभाळण्याचाच भाग आहे. आजीच्या मनात ही भीती असेल तर एक छोटं वाक्य त्याला द्या, नसेल तर टक्केवारी काढूच नका.

एकच आकडा, तोही तिच्या ओळखीचा

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर पाणी. साडेआठ हजार क्युसेकचे लिटर करून सांगितलेत तर सेकंदाला दोन लाख चाळीस हजार असं काहीतरी निघतं आणि ऐकणाऱ्याचं डोकं गरगरतं. गणित बरोबर, उपयोग शून्य.

नाशिकमध्ये याहून चांगलं माप तयार आहे. रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती. पाणी पायाला लागलं, गुडघ्याला लागलं, कमरेला, छातीला, खांद्याला, अशा भाषेत इथे पिढ्यान्‌पिढ्या पूर मोजला जातो. आजीला क्युसेकचा अंदाज नसेल, पण ‘मारुतीच्या गुडघ्यापर्यंत’ म्हटलं की कोणती पायरी बुडाली आणि कोणती कोरडी आहे हे ती तुमच्यापेक्षा लवकर ओळखते.

यात एक अट पाळा. मारुतीचं माप बातमीत दिलेलं असेल किंवा खात्रीच्या माणसाने आत्ता घाटावरून सांगितलं असेल तरच वापरा. क्युसेकवरून ‘म्हणजे साधारण कमरेपर्यंत असेल’ असा हिशेब मनाने करू नका. माप मिळालं नाही तर ‘रामकुंडावरच्या लहान देवळांत पाणी आलंय’ एवढं पुरे.

इशारा वेगळा, घडलेलं वेगळं

‘ऑरेंज अलर्ट’ हा हवामान खात्याचा पावसाचा अंदाज आहे, पुराची बातमी नव्हे. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता पावलं उचला. शिवाय नाशिकसाठी घाट भागाचा इशारा बऱ्याचदा वेगळा दिलेला असतो आणि बातमीच्या मथळ्यात मात्र ‘जिल्ह्याला’ असं येतं. आजीला रंग सांगायचे नाहीत. ‘डोंगरात परवापर्यंत जोराचा पाऊस होईल असा अंदाज आहे’ एवढंच सांगायचं.

इथे एक चूक फार सहज होते, म्हणून तिच्यावर थोडं थांबतो. इशारा घाटातला आहे हे वाचल्यावर सांगणाऱ्याला हायसं वाटतं आणि तो म्हणतो, ‘पाऊस तिकडे त्र्यंबकला आहे गं, आपल्याकडे नाही.’ हे ऐकायला शांत वाटतं, पण ते अपुरं आहे. त्र्यंबकचा पाऊस धरणात येतो आणि धरणातून रामकुंडावर येतो. पंचवटीत ऊन पडलेलं असतानाही गंगा चढू शकते. त्या वाक्यावर विसंबून आजी सकाळी घाटावर निघाली तर तुमच्या शांत शब्दांनी तिला धोक्यात घातलं. म्हणून कारण आणि परिणाम जोडूनच सांगा: डोंगरात पाऊस आहे, ते पाणी धरणात येतंय, म्हणून आपल्याकडे नदी आणखी वाढू शकते.

‘वाढू शकते’ आणि ‘वाढणार’ यांतला फरकही जपा. बातमीत ‘शक्यता’ असेल तर तुमच्या वाक्यातही ‘शक्यता’च हवी.

आता पाच वाक्यं

लिहूनच काढा. तोंडी जुळवायला गेलात की सहावं, सातवं वाक्य येतं आणि पुन्हा सगळी बातमी सुरू होते. क्रम असा ठेवा: आधी आत्ताची स्थिती, मग कारण, मग आपलं घर, मग आपली माणसं, शेवटी करायचं काम आणि पुढची बातमी कधी. घराचं वाक्य लिहिण्याआधी आपल्या भागाला काही सूचना आली आहे का हे शेजारी किंवा महापालिकेच्या पानावर खात्रीने बघा. बातमीत आपल्या गल्लीचं नाव नाही, एवढ्यावरून ‘आपल्याला सूचना नाही’ असं ठरवू नका. माणसांच्या वाक्याआधी फोन करा. सायखेड्याला फोन लागला नसेल तर ‘ते ठीक आहेत’ असं म्हणू नका. ‘अजून फोन लागला नाही, मी लावतोय’ असं सांगा.

नमुन्यातली बातमी सांगताना हे असं होतं:

> आजी, गंगेला पाणी वाढलंय, संध्याकाळी मारुतीच्या गुडघ्यापर्यंत होतं. त्र्यंबककडे पाऊस आहे म्हणून धरणातून पाणी सोडतायत, आणि गुरुवारपर्यंत ते आणखी वाढू शकतं. घाटावरची दुकानं आणि गाड्या हलवल्यात, पण आपल्या गल्लीला रिकामं करा असं कोणी सांगितलेलं नाही, मी विचारून आलो. सायखेड्याला मावशीआजीशी बोललो, त्यांच्या गावाला सावध राहायला सांगितलंय आणि ती आज लेकीकडे ओझरला गेलीय. उद्या रामकुंडावर जायचं नाही, आणि सकाळी आठला मी नवी बातमी बघून तुला सांगतो.

यात ३८ हजार नाहीत, ८२ टक्के नाहीत, रंग नाहीत आणि एकोणसत्तर नाही. तरी एकही गोष्ट लपवलेली नाही. पाणी वाढू शकतं हेही आहे, सायखेड्याचा इशाराही आहे. ‘घाबरू नकोस’ हा शब्द कुठेच नाही, हे मुद्दाम. तो ऐकला की घाबरण्यासारखं काहीतरी आहे हेच पहिलं कळतं.

मावशीआजी घरीच असती तर चौथं वाक्य वेगळं झालं असतं: ‘ती घरीच आहे, मुलगा सोबत आहे, पाणी वाढलं तर कुठे जायचं ते त्यांचं ठरलंय.’ वाईट बातमी आपल्या माणसाला भिडत असली की सगळ्यांत आधी तो माणूस आत्ता कुठे आहे आणि त्याच्यासोबत कोण आहे हे सांगायचं.

सांगताना

टीव्ही आधी बंद करा. आवाज कमी करून चालत नाही, कारण खालची पट्टी आणि फिरणारी पुराची दृश्यं डोळ्यांना दिसतच राहतात. समोर बसा, चेहऱ्यावर उजेड पडेल असे. वयामुळे कान मंदावतात तेव्हा बारीक, उंच आवाज आधी ऐकू येईनासे होतात. ओरडलं की आवाज नेमका तसाच उंच होतो आणि शब्द फुटतात. थोडा खालचा सूर लावा, सावकाश बोला आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबा. पाच वाक्यांना दोन-तीन मिनिटं लागली तरी लागू द्या.

‘कळलं का?’ असं विचारू नका, त्याला सगळे ‘हो’ म्हणतात. त्याऐवजी विचारा, ‘मग उद्या सकाळी काय करायचं आपण?’ तिने ‘घाटावर जायचं नाही, आणि आठला तू सांगणार’ असं म्हटलं की काम झालं. ‘सामान बांधायचं का?’ असं म्हणाली तर तिसरं वाक्य पोहोचलेलं नाही, तेवढंच पुन्हा सांगा. सगळी पाच परत म्हणू नका, नाहीतर काहीतरी नवीन घडलंय असं वाटतं. ती पुन्हापुन्हा एकाच माणसाचं नाव काढत असेल तर त्या माणसाचं वाक्य तुमच्या कागदावर नव्हतं. फोन लावून तिलाच बोलू द्या.

दिवसभर घरात तुम्ही नसाल तर पाच वाक्यं मोठ्या, सुट्या अक्षरांत कागदावर लिहून तिच्या नेहमीच्या जागेजवळ ठेवा आणि वर दिवस आणि वेळ घाला: ‘मंगळवार, रात्री ९’. नसता कालचा कागद उद्या आजचा म्हणून वाचला जातो.

हे सगळं बाजूला ठेवायची वेळ

पालिकेची किंवा पोलिसांची गाडी तुमच्याच गल्लीत घर सोडायची सूचना देत असेल, तर सारांश करत बसू नका. तेव्हा एकच वाक्य: ‘आजी, आपण आत्ता काकाकडे जातोय, तुझ्या गोळ्या आणि चष्मा मी घेतलाय.’ कारण वाटेत सांगता येतं.

सकाळी आठला

जुन्या कागदात दुरुस्ती करू नका, नवा लिहा. सुरुवात काल रात्रीपासून काय बदललं यापासून करा: ‘पाणी रात्री कमरेपर्यंत चढलं होतं, आता पुन्हा गुडघ्यापर्यंत उतरलंय’ किंवा ‘कालच्याइतकंच आहे’. काही बदललं नसेल तरी आठला सांगायचंच, नाहीतर ती नऊला टीव्ही लावते. आणि तुम्ही काल सांगितलेली एखादी गोष्ट बदलली असेल, समजा पाऊस गुरुवारऐवजी शनिवारपर्यंत सांगितलाय, तर ती शेवटी घुसवू नका. पहिल्याच वाक्यात सांगा की काल गुरुवार म्हणत होते, आता शनिवार म्हणतायत, आणि तोवर रामकुंडावर जायचं नाही.